‘बोटं आता वळत नाहीत’: सत्तावन्नाव्या वर्षी पेटी शिकण्याचं एक प्रकरण

मोठ्या माणसांनी संगीताच्या वर्गात यावं म्हणून जे लिहिलं जातं, त्यात एक वाक्य हमखास असतं: शिकायला वय नसतं. ते वाचून लोक येतात आणि साधारण दुसऱ्या महिन्यात गळतात. गळताना जे कारण सांगतात ते त्या वाक्याच्या बरोबर उलट असतं. ‘माझं वय झालं हो, आता हे जमायचं नाही.’ ज्या बाईंविषयी हे लिहितो आहे, त्यांनीही मला हेच सांगितलं. त्या दुसरीकडचा वर्ग अर्ध्यावर सोडून आल्या होत्या आणि पुन्हा नाव घालावं की नाही, एवढंच विचारायला आल्या होत्या. वय ५७. त्यांच्या प्रश्नात गिटारही होती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पेटीपेक्षा गिटार सोपी पडते.

त्यांच्या तक्रारी चार होत्या. बोटं अडतात. भाता मारून हात भरून येतो. सुरांबरोबर गायला गेलं की आवाज वर पोचत नाही. आणि वहीत लिहिलेलं घरी गेल्यावर वाजत नाही. चारही तक्रारींखाली त्यांनी एकच कारण लिहून टाकलं होतं, वय. मी त्यांना त्यावर काहीच बोललो नाही. ‘बसा आणि वाजवा, जसं येतं तसं,’ एवढंच सांगितलं.

त्या पांढरी एकपासून, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून, सरळ सप्तक वाजवत होत्या. सा रे ग म प हे पाच सूर एकसारखे, स्वच्छ आले. पंचमानंतर मात्र हात उचलला गेला, क्षणभर हवेत राहिला आणि धैवतावर आदळला. पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा तिथेच. उतरतानाही अडखळल्या, पण वेगळ्या जागी, मध्यमाच्या आसपास. चौथ्यांदाही अडखळण्याच्या जागा त्याच होत्या.

इथे निदान जवळजवळ संपलं होतं. अडखळणं नेहमी एकाच सुरावर होत असेल, तर दोष बोटांच्या क्रमात असतो. ते जागा बदलत फिरत असेल, आत्ता गंधारावर, मग निषादावर, तर लक्ष विचलित झालेलं असतं किंवा लय झेपण्यापेक्षा जलद असते. आणि सुरुवात चांगली होऊन दहा मिनिटांनी सगळंच जड व्हायला लागलं, थांबल्यावरही दुखत राहिलं, तर मात्र शरीराकडे बघावं लागतं. बाईंचं अडखळणं पहिल्या प्रकारचं होतं. त्या अंगठ्याने सा, तर्जनीने रे, मधल्या बोटाने ग, अनामिकेने म आणि करंगळीने प वाजवत होत्या. पाच सुरांत पाचही बोटं खर्ची पडत होती. धैवताला बोटच उरत नव्हतं, मग हात उडी मारणार नाही तर काय करणार? तरुण माणूसही तिथे अडतो. फरक एवढाच, की तो ‘मला अजून येत नाही’ म्हणतो आणि पन्नाशीच्या पुढचा माणूस ‘मला आता येणार नाही’ म्हणतो.

पांढरी एकवरचा रूढ क्रम असा: सा अंगठ्याने, रे तर्जनीने, ग मधल्या बोटाने, आणि मग अंगठा तळहाताखालून सरकवून म. पुढे प, ध, नि, सां यांना तर्जनीपासून करंगळीपर्यंत बोटं पुरतात. उतरताना मध्यमावरच्या अंगठ्यावरून मधलं बोट ओलांडून गंधारावर येतं. मी त्यांना हे दाखवलं, त्यांनी केलं, आणि अंगठा खाली सरकवताना त्यांचा चेहरा किंचित आक्रसला. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, दुखत होतं. बरणीचं घट्ट झाकण फिरवताना, कुलपात किल्ली वळवतानाही तिथेच दुखतं, असं विचारल्यावर कळलं.

हा त्या सगळ्या तपासणीतला वयाचा पहिला खरा पुरावा होता. अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याची झीज पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, सर्रास आढळते. त्यावर उपाय सांगणं हे पेटी शिकवणाऱ्याचं काम नाही. त्यांना डॉक्टरांना दाखवायला सांगितलं आणि त्यांनी ते केलं. माझं काम वेगळं होतं: अंगठ्याला कमीत कमी वळावं लागेल अशी वाजवण्याची रीत शोधणं. गिटारचा प्रश्नही इथेच निकालात निघाला. गिटारवर डाव्या हाताची बोटं तारा दाबतात तेव्हा वाद्याच्या मानेमागून अंगठा त्यांना आधार देतो, आणि पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतील तर तो ताण फारच वाढतो. दुखऱ्या बुडाच्या अंगठ्याला ती चिमूट रोज द्यायची नाही. ज्याचा अंगठा धड आहे त्याने साठीत गिटार घ्यायला हरकत काहीच नाही. बोटांची टोकं पहिले काही आठवडे हुळहुळतात, मग घट्टे पडतात, आणि ते कुठल्याही वयात पडतात.

बोटांचा प्रश्न आवाजाच्या प्रश्नाशी असा काही जोडला गेला, की दोन्ही एकदम सुटले.

त्यांचा आधीचा वर्ग सामुदायिक होता. सगळ्यांना एकच पट्टी, पांढरी एक. लहान मुलांसोबत तीच सोयीची, कारण काळ्या पट्ट्या मध्ये येत नाहीत आणि फळ्यावर समजावायला सोपं जातं. पण वाजवता वाजवता गायचंही असेल तर सा कुठला हे गळा ठरवतो. मी पेटी बाजूला सारली आणि त्यांना आपल्या मनाने, कुठलाही सूर न देता, काहीही गुणगुणायला सांगितलं. माणूस असं मोकळं गातो तेव्हा आपल्या खऱ्या पट्टीच्या जवळपास असतो. त्यांचा सा काळी चारच्या आगेमागे लागला. मग नीट पाहिलं: काळी चारला सा धरून खाली मंद्र पंचम थोडा हवेशीर पण सुरेल लागतोय, वर तार गंधारापर्यंत मान न ताणता जाता येतंय. एवढा पल्ला मिळाला की पट्टी बरोबर समजायची.

आता हिशोब बघा. पांढरी एकचा सा त्यांच्या सोयीच्या सा पेक्षा काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या वर होता. म्हणजे आधीच्या वर्गात ज्या उंचीवर तार सा लावायला सांगत होते, तिथे त्यांच्या स्वतःच्या पट्टीत तार गंधार येतो, जो जेमतेम स्पर्श करण्याचा सूर आहे, उभं राहण्याचा नाही. त्या रोज त्या सुरावर उभं राहायचा प्रयत्न करत होत्या आणि आवाज फाटला की वयाला बोल लावत होत्या. यात वयाचा वाटा अजिबात नाही असं म्हणणार नाही. पन्नाशीनंतर पुष्कळ स्त्रियांचा आवाज थोडा खाली उतरतो. तरुणपणी त्या कदाचित काळी पाचने गात असतील. पण आवाज खाली उतरला तर सा खाली घ्यायचा असतो. गायक मंडळी हे वर्षानुवर्षं करत आलेली आहेत आणि त्याला कुणी आवाज जाणं म्हणत नाही.

काळी चारला गेल्यावर हाताचंही नशीब फळफळलं. या पट्टीत सा काळी चार, रे काळी पाच, ग वरची पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नि पांढरी पाच आणि सां पुन्हा काळी चार. बोटांचा क्रम: सा तर्जनी, रे मधलं, ग अंगठा, म तर्जनी, प मधलं, ध अंगठा, नि तर्जनी, सां मधलं. म्हणजे तर्जनी-मधलं-अंगठा हेच चक्र फिरत राहतं. करंगळी आणि अनामिका, जी कुणाचीच पटकन स्वतंत्र हलत नाहीत, ती या सप्तकात लागतच नाहीत. शिवाय लांब बोटं काळ्या, म्हणजे उंच पट्ट्यांवर असतात, त्यामुळे तळहात उचललेला राहतो आणि अंगठ्याला खाली ऐसपैस जागा मिळते. तो दुमडून आत खुपसावा लागत नाही, नुसता बाजूला सरकतो. उतरताना तोच क्रम उलटा: सां मधलं, नि तर्जनी, ध अंगठा, प मधलं, म तर्जनी, ग अंगठा, रे मधलं, सा तर्जनी.

नवशिक्याला काळ्या पट्ट्यांवर बसवायचं म्हटलं की भुवया उंचावतात. पियानोवादनात मात्र ही गोष्ट जुनी आहे. शोपँ (१८१०–१८४९) आपल्या शिष्यांना सर्व पांढऱ्या पट्ट्यांचं सप्तक आधी देत नसे. काळ्या पट्ट्यांनी भरलेलं बी मेजर, आपल्या भाषेत पांढरी सातचं सप्तक, तो आधी देई, कारण हात तिथे नैसर्गिकपणे बसतो. पांढरी एकचं सप्तक लिहायला सोपं आहे, वाजवायला नाही.

बाईंनी पहिल्याच बैठकीत काळी चारचं सप्तक न अडखळता वाजवलं असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. पट्ट्या शोधण्यात वेळ गेला, सारखं खाली वाकून पाहणं झालं. पण अंगठ्याच्या जागी चेहरा आक्रसला नाही, आणि धैवतापाशी हात उडाला नाही.

भात्याचा प्रश्न त्यांच्या घरी सुटला. माझ्याकडच्या पेटीवर त्यांचा डावा हात अर्ध्या तासातही भरला नव्हता, म्हणून मला त्यांच्या पेटीचा संशय आला. ती कुटुंबातली जुनी होती, अनेक वर्षं कुणी वाजवलेली नव्हती. मी त्यांना एक साधी परीक्षा सांगितली. सूर देणाऱ्या सगळ्या खुंट्या नेहमीसारख्या उघडायच्या, एकही पट्टी न दाबता भाता चांगला भरायचा, हात काढून घ्यायचा, दोन-तीन सावकाश श्वास मोजायचे आणि मग एक पट्टी दाबायची. धड पेटीत सूर अजून येतो आणि थोडा टिकतो. त्यांच्या पेटीतून नुसता उसासा आला. हवा गळत होती. कातडं सुकून सांधे सुटले होते आणि दोन-तीन पट्ट्या न दाबताही किंचित उघड्या राहत होत्या. असल्या पेटीवर पट्टीचा वादकही दमेल. कारागिराने भात्याच्या घड्या आणि पट्ट्यांखालचं अस्तर बदलून दिलं आणि ‘हात भरून येतो’ ही तक्रार पुन्हा ऐकू आली नाही.

एक दोष मात्र त्यांचाच होता आणि तो नवशिक्यांत सार्वत्रिक आहे: दर सुराला भात्याचा एक धक्का. त्याने प्रत्येक सूर फुगतो आणि सपाट होतो. ऐकायची खूण अशी, की एकच सा दाबून ठेवायचा आणि भाता मारत राहायचा. सुराच्या जाडीत लाटा ऐकू आल्या तर हात धक्के देतो आहे. भाता पूर्ण उघडायचाही नाही आणि पूर्ण मिटायचाही नाही, मधल्या पट्ट्यात सावकाश हलता ठेवायचा. बाईंना हे दहा-पंधरा दिवसांत साधलं. बहुधा मुलांना याहून जास्त वेळ लागतो, कारण त्यांना त्या लाटा ऐकूच येत नाहीत.

हे ‘ऐकू येणं’ मला या प्रकरणात सगळ्यांत मोलाचं वाटतं. एकदा मी त्यांना पाठ केलेला अलंकार वाजवून दाखवताना मुद्दाम एका ठिकाणी शुद्ध गंधाराऐवजी कोमल लावला. मी पुढच्या सुरावर जायच्या आत त्यांची मान हलली. काय चुकलं हे त्यांना सांगता आलं नाही, पण कुठे चुकलं हे नेमकं कळलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं गाणं ऐकलेल्या माणसाचा कान असा तयार असतो आणि त्याची त्याला कल्पना नसते. गंमत अशी, की हाच कान त्यांना वर्गातून पळवून लावत होता. आठ वर्षांचं मूल वेडंवाकडं वाजवतं आणि खुशीत असतं, कारण त्याचे कान आणि हात एकाच इयत्तेत असतात. बाईंचा कान दहावीत आणि हात बालवाडीत. प्रत्येक बेसूर, प्रत्येक लंगडी मात्रा त्यांना पूर्ण ऐकू येत होती आणि त्या त्यालाच अपात्रतेचा पुरावा मानत होत्या. ‘मी मुलांपेक्षा वाईट वाजवते,’ असं त्या म्हणत. वाजवत नव्हत्या. मुलांपेक्षा जास्त ऐकत होत्या.

म्हणून आम्ही काम कानाकडून हाताकडे न्यायचं ठरवलं. पेटीवरच्या पाच काळ्या पट्ट्या काळी तीनपासून ओळीने वाजवल्या तर भूप निघतो: काळी तीन सा, चार रे, पाच ग, वरची एक प, दोन ध. मध्यम आणि निषाद भूपात नाहीतच, त्यामुळे चुकायला पट्टीच नाही. काळी तीन त्यांच्या गळ्याला थोडी खाली पडते, पण गुणगुणण्यापुरती चालते. या पाच पट्ट्यांवर त्यांना ओळखीच्या चाली स्वतः शोधायला सांगितल्या, वही न घेता. पहिल्या आठवड्यात त्यांनी एका चालीचा मुखडा शोधून आणला. बोटं कशीही पडली होती, पण सूर बरोबर होते. वहीतून वाजवताना जी ओढाताण व्हायची तिचा मागमूस नव्हता.

त्या वहीचंही एक छोटं रहस्य निघालं. त्यांचा चष्मा दुहेरी काचांचा. खालची काच हातात धरलेल्या पुस्तकासाठी, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटरसाठी, आणि पेटीवर टेकवलेली वही डोळ्यांपासून ६५-७० सेंटीमीटर दूर. ते अंतर दोन्ही काचांत नीट बसत नव्हतं. हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघायचं, खांदे चढायचे, कोपरं उचलली जायची, आणि मग बोटं जड. ‘घरी वाजत नाही’ याचं अर्धं उत्तर हे होतं. वर्गात त्या माझं पाहून वाजवत, घरी वही पाहून. आम्ही सूर मोठ्या अक्षरात, एका पानावर फक्त दोन ओळी, असे लिहून काढले. त्या अंतरासाठी वेगळा चष्माही करून मिळतो, पण त्यांनी तो घेतला नाही. पाठ करणं त्यांना जास्त आवडलं.

सरावाची वेळ त्यांनी स्वतःच ठरवून आणली होती, रोज सलग एक तास. ती मोडून काढायला मला थोडा वाद घालावा लागला. ‘सर, तासभर नाही बसले तर काय होणार?’ नवीन हालचाल बोटांत मुरते ती बरीचशी दोन बैठकांच्या मधल्या वेळात, झोपेत. मोठ्या वयात हे मुरणं हळू होतं हे खरं आहे, आणि सलग तास बसून ते भरून निघत नाही. शेवटची वीस मिनिटं दमलेला हात चुकाच पक्क्या करतो. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा, मिनिटाला ५० च्या लयीत एका मात्रेला एक सूर. सलग तीनदा बिनचूक आलं तरच लय थोडी वाढवायची. दोन महिन्यांनी त्या ८० ला सप्तक आणि तीन-तीन सुरांचे अलंकार वाजवत होत्या. तिथून पुढे १०० ला जायला मात्र जवळजवळ वर्ष गेलं, आणि मुलं हा टप्पा खूप लवकर ओलांडतात. वेगाच्या बाबतीत वय आडवं येतं, हे मी कुणापासून लपवत नाही. द्रुत लयीत हरकती उचलणं त्यांना आजही जमत नाही आणि मला वाटतं जमणारही नाही. अंगठा थंडीत दुखतो. त्या दिवशी पेटी बंद.

दीड वर्षानंतर त्या काय करतात? स्वतः गातात आणि स्वतःच साथ करतात. मध्य लयीतलं भजन, भावगीत, सुरांचा मागोवा घेत, मध्ये ओळ रिकामी सोडली तर ती पेटीवर भरून. त्यासाठी त्यांना वेग लागत नाही. भाता सावकाश लागतो, तो त्यांच्याकडे आहे.

सध्या त्यांना नवी अडचण आली आहे. मैत्रीण पांढरी दोनला गाते आणि तिला साथ करायची आहे. बोटांचा सगळा क्रम काळी चारमध्ये बसलेला, पांढरी दोनला त्यातलं काहीच चालत नाही. तिथे काळ्या पट्ट्या दोनच, गंधार आणि निषाद, आणि अंगठा पुन्हा हाताखालून न्यावा लागतो. दुकानदाराने त्यांना स्केल चेंजर पेटी सुचवली. तिच्यात पट्ट्यांची अख्खी रांग सरकवता येते, त्यामुळे बोटं काळी चारचीच ठेवून सूर पांढरी दोनचा निघतो. जड आणि महाग असते, जास्तीच्या यंत्रणेमुळे बिघडतेही जास्त. तरुण शिष्याला मी ती घेऊ देत नाही, कारण त्याने बारा पट्ट्यांत हात फिरवायला शिकलं पाहिजे. या बाईंना मी घ्या म्हणालो. फक्त त्याआधी मैत्रिणीला काळी दोनला गायला लावून पाहा, असंही सुचवलं. तिला अर्धा सूर वर झेपला तर पहिल्यांदा हात वळवायला ती पट्टी काळ्या पट्ट्यांमुळे बरी पडेल, आणि पेटीचा खर्च पुढे ढकलता येईल.